प्लॉटच्या माती अहवालासोबत आलेलं पत्र: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

घरासाठी घेतलेल्या प्लॉटच्या मागच्या बाजूला परसबागेसाठी एक पट्टी मोकळी सोडली होती. तिची माती तपासायला दिली तेव्हा एका पानाचा अहवाल मिळाला आणि सोबत मृदातज्ज्ञांनी लिहिलेलं तीन पानी पत्र आलं. आकड्यांचा तक्ता बहुतेक प्रयोगशाळा देतात. त्या आकड्यांचं करायचं काय, हे या पत्रात होतं. म्हणून हा अभिप्राय पत्राबद्दल आहे. गेले काही महिने बाग त्यातल्या सल्ल्यानेच केली. त्यातलं काय उपयोगी पडलं आणि काय अपुरं वाटलं, ते लिहितो.

आधी आकडे. सामू, म्हणजे मातीचा पीएच, 8.3, विद्युत वाहकता 0.35, सेंद्रिय कर्ब 0.3 टक्के, मुक्त चुना 9 टक्के. स्फुरद कमी, पालाश भरपूर. लोह 2.8 आणि जस्त 0.4 मिलिग्रॅम प्रति किलो. शेवटच्या दोन आकड्यांपुढे ‘कमतरता’ असा शेरा होता, कारण लोहाची किमान पातळी साधारण 4.5 आणि जस्ताची 0.6 धरतात. वाहकता 1 च्या बरीच खाली, म्हणजे खारेपणाची भीती नाही.

पत्राचा पहिलाच मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटला. सामू 8.3 दिसला की ‘जमीन खारवट आहे, जिप्सम टाका’ असं सांगणारे खूप भेटतात. पत्रात स्पष्ट होतं की जिप्सम हा सोडियमने बिघडलेल्या चोपण जमिनीवरचा उपाय आहे. तशा जमिनीचा सामू बहुतेकदा 8.5 च्या वर जातो आणि मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचं प्रमाण 15 टक्क्यांच्या पुढे असतं. आमचा सामू वाढला होता तो चुन्यामुळे. जिप्सम मातीला कॅल्शियम देतो आणि इथे कॅल्शियम आधीच भरपूर, मग तो टाकून काय होणार? घरी खात्री करायची साधी रीतही दिली होती: कोरड्या मातीच्या चिमटीवर व्हिनेगरचे दोन-चार थेंब टाकायचे. माती फसफसली तर तिच्यात मुक्त चुना आहे. आमची चांगलीच फसफसली.

मग गंधक टाकून सामू उतरवावा का? बागकामाच्या बहुतेक सल्ल्यांत हेच सांगतात. पत्रात यावर नुसतं ‘नको’ न म्हणता हिशेब मांडला होता. एक चौरस मीटर जागेत 20 सेंटीमीटर खोलीपर्यंत साधारण 260 किलो माती असते. तिच्या 9 टक्के म्हणजे जवळपास 23 किलो चुना. 100 ग्रॅम चुना संपवायला 32 ग्रॅम गंधक लागतं, म्हणजे एका चौरस मीटरला साडेसात किलो! आणि हा सगळा चुना संपेपर्यंत सामू फारसा हलत नाही. मूठभर गंधकाने फरक पडेल ही आशा तिथेच सोडली आणि गंधकाचं पोतं आणलं नाही. हा एक परिच्छेद वाचला तरी पत्राचं काम झालं असं मी म्हणेन.

थोडक्यात, पत्राचा रोख असा: सामू आहे तसाच राहणार असं धरून चाला, आणि झाडांना जे मिळत नाही ते त्यांच्यापर्यंत पोहोचवा.

दुसरा मुद्दा अहवालात जे दिसत नाही त्याबद्दल होता. प्रयोगशाळेत माती 2 मिलिमीटरच्या चाळणीतून गाळतात आणि तपासणी चाळणीखाली पडलेल्या बारीक मातीचीच होते. प्लॉट सपाट करताना वरची चांगली माती खरवडून गेलेली असते आणि भरावाला मुरूम आलेला असतो. त्यात बांधकामाचा राडारोडा मिसळलेला. म्हणजे वाफ्यातला निम्मा ऐवज खडेच असतील, तर अहवालातली पोषणद्रव्यं निम्म्याच मातीत आहेत. पाणी धरून ठेवण्याची ताकदही तेवढीच. फावड्याने खणताना हे लगेच कळतं, पण कागदावर त्याचा मागमूस नसतो. आम्ही वरचा 20 सेंटीमीटरचा थर वाळू चाळायच्या तिरप्या चाळणीतून काढला. मोठे खडे पायवाटेला गेले. प्लास्टरचे आणि सिमेंटचे तुकडे मात्र प्लॉटबाहेर काढले, कारण ते पावसा-पाण्याने झिजत मातीत चुना सोडत राहतात. भिंतीलगत जिथे सिमेंट कालवलं होतं, तो अर्धा मीटर पट्टा लागवडीतून वगळायला सांगितलं होतं. ते मला आधी जरा अति वाटलं, पण तिथलं तणसुद्धा पिवळं पडलेलं बघितल्यावर पटलं.

आता खताचं. वाफा 3 मीटर लांब आणि 1.2 मीटर रुंद, म्हणजे 3.6 चौरस मीटर. त्यावर 5 सेंटीमीटर जाडीचा पूर्ण कुजलेल्या कंपोस्टचा थर, म्हणजे 180 लिटर. 15 लिटरच्या बारा बादल्या. तो वरच्या 15 ते 20 सेंटीमीटर मातीत मिसळायचा. ‘पूर्ण कुजलेलं’ याखाली पत्रात रेघ मारली होती. अर्धवट कुजलेला पालापाचोळा किंवा भुसा मातीत गाडला, तर तो कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र स्वतःच वापरून टाकतात आणि रोपं फिकी पडतात. ओळखायची खूण: खतात मूळ काडी-पान ओळखू येऊ नये, हाताला गरम लागू नये आणि वास ओल्या मातीचा यावा.

जस्ताचा हिशेब मला सर्वांत जास्त उपयोगी पडला, कारण शिफारशी हेक्टरी किलोत असतात आणि आपला वाफा चौरस मीटरमध्ये. हेक्टरी किलोंना 10 ने भागलं की प्रति चौरस मीटर ग्रॅम मिळतात. झिंक सल्फेटची हेक्टरी 25 किलोची शिफारस म्हणजे चौरस मीटरला अडीच ग्रॅम, आमच्या वाफ्याला 9 ग्रॅम. दोन चमच्यांच्या आसपास! अंदाजाने मूठभर टाकलं तर सहज अनेक पट होतं. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एवढंसं नीट मोजता येत नाही, म्हणून दागिने तोलायचा छोटा काटा वापरला. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, तेवढंच घेतलं. दोन्ही थेट मातीत न टाकता कंपोस्टच्या एका बादलीत कालवून आठवडाभर ओलसर मुरवलं आणि मग वाफ्यात पसरलं. चुनखडीच्या मातीत उघडं पडलेलं लोह लवकरच न विरघळणाऱ्या रूपात जातं. कंपोस्टमधली सेंद्रिय आम्लं ते काही काळ धरून ठेवतात.

तरीही घेवड्याने त्रास दिला. जोराचा पाऊस होऊन गेला आणि वरची कोवळी पानं पिवळी पडली, शिरा मात्र हिरव्याच. पत्रात या लक्षणाची नोंद होती. नत्र कमी पडलं तर आधी खालची जुनी पानं पिवळी होतात. लोह कमी पडलं तर शेंड्याकडची नवी पानं, कारण झाड जुन्या पानातलं लोह नव्याकडे नेऊ शकत नाही. खात्रीसाठी सांगितलेली युक्ती भारी आहे: एका पिवळ्या पानाच्या निम्म्या भागावर हिराकसचं पाणी ब्रशने लावायचं आणि उरलेला निम्मा तसाच ठेवायचा. आठवड्याच्या आत लावलेला भाग हिरवा झाला आणि दुसरा पिवळाच राहिला. मगच सगळ्यांवर फवारणी केली: एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस आणि 1 ग्रॅम सायट्रिक आम्ल, ऊन उतरल्यावर. द्रावण ताजंच हवं. ते तांबूस दिसायला लागलं, तर लोह गंजलंय, ओतून द्यावं. फवारा फरशीवर आणि भिंतीवर उडाला की तपकिरी डाग पडतात आणि निघत नाहीत, हे पत्रात नव्हतं. ते माझ्याकडून जोडून घ्या. पालेभाजीवर हे फवारू नये, पानांवर डाग राहतात.

फवारणीनंतर आलेली पानं पुन्हा फिकी दिसली की 10 ते 15 दिवसांनी परत फवारावं लागतं. हा उपाय कायमचा नाही. जास्त काळ टिकणारं काही हवं असेल तर पत्रात चिलेटेड लोहाचा, म्हणजे सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेल्या लोहाचा, पर्याय होता, पण ‘ईडीटीए’ नव्हे, ‘ईडीडीएचए’ असलेलं. पहिलं इतक्या सामूला टिकत नाही, त्यातलं लोह सुटून जातं. दुकानात दोन्हींना ‘चिलेटेड आयर्न’ म्हणतात, म्हणून लेबलवरची बारीक अक्षरं वाचावी लागतात. मी ते फक्त लिंबाच्या कुंडीला वापरलं. लिंबू जमिनीत न लावता कुंडीत लावा हाही पत्रातलाच सल्ला, कारण लिंबूवर्गीय झाडं चुन्याला फार लवकर वैतागतात. पालक आणि बीट मात्र काही न करता छान आले. टोमॅटो आणि वांगी ठीकठाक.

राख टाकू नका, असं एका ओळीत लिहिलं होतं. कारण योग्यच आहे: राख सामू वाढवते आणि पालाश देते, आणि इथे दोन्ही आधीच जास्त. स्फुरदाबद्दल एवढंच की खत वाफाभर विस्कटू नये, रोपाच्या ओळीशेजारी चरात द्यावं, म्हणजे चुन्यात कमी अडकतं.

आता पत्रात काय कमी पडलं ते. पाण्याबद्दल त्यात जवळपास काहीच नव्हतं. विहीर-बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त असेल, तर प्रत्येक पाण्यासोबत मातीत पुन्हा तोच त्रास घातला जातो, आणि वाफा सतत ओला राहिला तर लोहाची कमतरता वाढते. घेवडा पावसानंतरच का पिवळा पडला याचं उत्तर यात आहे. निचरा तपासायला 30 सेंटीमीटर खोल खड्डा करून त्यात पाणी भरलं. एकदा जिरू दिलं, मग परत भरून तासाला किती उतरतं ते पाहिलं. वाफ्याच्या एका टोकाला तासाला एक सेंटीमीटरही उतरत नव्हतं. खाली रोलरने दाबलेला भराव होता. तिथे काटेरी फावडं घालून माती न उलटवता नुसती हलवून सैल केली आणि वाफा 20 सेंटीमीटर उंच केला. दुसरी उणीव शिशाची. नेहमीच्या माती तपासणीत शिसं बघत नाहीत. प्लॉटवर आधी जुनं रंगवलेलं बांधकाम पाडलेलं असेल, तर ती तपासणी वेगळी मागून घ्यावी.

हंगाम संपल्यावर त्याच खोलीची माती त्याच प्रयोगशाळेत पुन्हा दिली. सेंद्रिय कर्ब 0.3 वरून 0.7 वर, जस्त कमतरतेच्या रेषेच्या वर, लोह थोडंसंच सुधारलेलं. सामू 8.2. पत्रात सांगितल्याप्रमाणे तो जागचा हललेला नाही. कर्ब मात्र कंपोस्ट थांबवलं की पुन्हा उतरणार, म्हणून पुढच्या लागवडीआधी अर्धा थर, म्हणजे सहा बादल्या, टाकणार आहे. जस्त यंदा टाकणार नाही. आणि बोअरचं पाणी तपासायला बाटलीत भरून ठेवलं आहे.