मुलाखतीतली उडी कशाने झाकावी: हात, डोलणारी मान की भाजीची जुडी?

लालबागच्या चाळीत एका निवृत्त गिरणी कामगाराची मुलाखत एकाच कॅमेऱ्यावर घेतली आहे, असे धरू. ते म्हणतात, "ब्याऐंशीच्या जानेवारीत संप सुरू झाला आणि पगार थांबला." पुढची चाळीस सेकंदे ते पुतणीच्या लग्नाकडे वळतात आणि मग म्हणतात, "शेवटी भाजीची गाडी लावली." मधला मजकूर काढला की वाक्ये जुळतात, पण त्यांचे डोके एका फ्रेममध्ये डावीकडून उजवीकडे उडते. ही उडी झाकायला संकलकाकडे तीन कटअवे, म्हणजे चेहऱ्याऐवजी मधे दाखवायचे वेगळे शॉट, आहेत: त्यांचे हात, मुलाखतकाराची डोलणारी मान आणि भाजीबाजारातले चित्रण.

हातांचा शॉट सर्वांत निरुपद्रवी आहे, कारण तो त्याच खोलीतला, त्याच प्रकाशातला असतो. मात्र बोलणे थांबले असताना हात हलत राहिले तर जोड उघडी पडते. म्हणून मांडीवर स्थिरावलेले हात निवडावेत. मान डोलावण्याचा शॉट बहुधा मुलाखत संपल्यावर वेगळा घेतलेला असतो, आणि "पगार थांबला" या शब्दांवर डोलणारी मान सहानुभूतीऐवजी संमतीसारखी दिसते. मी तो इथे वापरणार नाही.

भाजीचे चित्रण सर्वांत बोलके आहे. अडचणही तिथेच आहे. "पगार थांबला" म्हणतानाच पूर्ण गाडी दिसली तर कथेचा शेवट तोंडातून येण्याआधी डोळ्यांना कळतो. त्याऐवजी मेथीच्या जुडीवर पाणी शिंपडणारा हात आधी दाखवावा: प्रेक्षकाला कोडे पडते आणि पुढचे वाक्य ते सोडवते. हात दुसऱ्या विक्रेत्याचा असेल, तर प्रेक्षक तो यांचाच समजणार, म्हणून त्यांचीच गाडी चित्रित करून आणणे योग्य.

सेकंदाला 25 फ्रेमच्या टाइमलाइनवर हा शॉट कटच्या साधारण 12 फ्रेम आधी सुरू करावा आणि तीन-चार सेकंदांनी, नव्या वाक्याच्या मध्यावर, चेहऱ्याकडे परतावे. नेमका कटवर सुरू झालेला शॉट ठिगळासारखा वाटतो.

त्याआधी डोळे मिटून जोड ऐकावी. पहिल्या वाक्यामागे लोकलची धडधड असेल आणि दुसऱ्यामागे फक्त पंखा, तर कोणतेही चित्र ती फट लपवणार नाही. मुलाखतीनंतर सगळ्यांना गप्प बसवून अर्धा मिनिट नुसत्या खोलीचा आवाज ध्वनिमुद्रित केलेला असेल, तर तो खाली पसरता येतो. पण एकदा शब्दांमागे मिसळलेली लोकल पुसणे कठीण, त्यामुळे तिचा आवाज पुढच्या वाक्याखाली हळूहळू विरवणे हाच त्यातल्या त्यात बरा मार्ग उरतो.

काढलेल्या चाळीस सेकंदांत लग्नाऐवजी "भावाने वर्षभर घर चालवले" असे वाक्य असते, तर मात्र प्रश्न वेगळा झाला असता. ते वगळल्यास पगार थांबताच गाडी लागली असा खोटा अर्थ निघतो, आणि मेथीची जुडी तो खोटेपणाच झाकते. तिथे ते वाक्य परत घ्यावे. वेळेअभावी ते शक्य नसेल, तर उडी उघडी ठेवावी.