नोकरीच्या पत्रातली ‘दोन वर्षं बंदी’ आणि धंदा विकतानाची ‘दोन वर्षं बंदी’: कुठली टिकते?

बहीण-भाऊ एकाच दिवशी शिवाजीनगरला माझ्या ऑफिसात आले. बहीण चाकणच्या एका कंपनीत डिझाइन इंजिनिअर, राजीनामा द्यायच्या तयारीत. भावाचं भोसरी एमआयडीसीत छोटं मशीन शॉप, ते त्यानं विकायला काढलेलं. दोघांच्या कागदांत जवळजवळ एकच वाक्य होतं: पुढची दोन वर्षं पुणे जिल्ह्यात असाच व्यवसाय किंवा अशीच नोकरी करणार नाही. प्रश्नही एकच होता, की हे पाळावंच लागेल का? बहिणीला मी नाही म्हणालो आणि भावाला हो.

दोन्ही उत्तरं एकाच कलमातून येतात. भारतीय करार अधिनियम, 1872 चं कलम 27 म्हणतं, की कायदेशीर पेशा, व्यापार किंवा धंदा करण्यापासून कुणालाही रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल आहे. ‘तेवढ्यापुरता’ हा शब्द लक्षात ठेवा. बंदीची अट पडते, बाकीचा करार उभा राहतो. म्हणजे नियुक्तीपत्रातलं हे वाक्य गेलं म्हणून नोटीस पिरियड किंवा गोपनीयतेची अट जात नाही.

बंदी थोडीच आहे, एका शहरापुरतीच आहे, मग वाजवी नाही का, असं पुष्कळ जण विचारतात. इंग्लंडमध्ये तो मुद्दा चालतो, आपल्याकडे नाही. 1874 साली कलकत्ता उच्च न्यायालयासमोर असंच एक प्रकरण आलं. एका दुकानदारानं प्रतिस्पर्ध्याला 900 रुपये द्यायचं कबूल करून त्या भागातलं दुकान बंद करायला लावलं आणि नंतर पैसे दिले नाहीत. बंदी फक्त एका भागापुरती होती, तरी न्यायालयानं तो करार रद्दबातल ठरवला. दुकान बंद करणाऱ्याला ते पैसे वसूल करता आले नाहीत.

आता बहिणीचा कागद. तिच्यासाठी सगळं काही ‘नोकरीत असताना’ आणि ‘नोकरी सुटल्यावर’ या रेषेवर ठरतं. 1967 सालच्या गोलिकरी प्रकरणात कल्याणच्या कारखान्यातला एक कर्मचारी पाच वर्षांचा करार अर्ध्यावर सोडून कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला. सर्वोच्च न्यायालयानं त्याच्यावरचा मनाई हुकूम कायम ठेवला, पण तो कराराच्या उरलेल्या मुदतीपुरताच. मुदतीच्या आतली बंदी चालते, हा त्या निकालाचा गाभा आहे. कंपन्यांच्या नोटिशीत मात्र हाच निकाल मुदत संपल्यानंतरच्या बंदीला टेकू म्हणून लावलेला दिसतो. ते सरळसरळ चूक आहे.

रेषेच्या पलीकडचा निकाल 2006 चा. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानला करार संपल्यावरही त्याच्या जाहिरातींचं काम पाहणाऱ्या जुन्या एजन्सीला आधी विचारल्याशिवाय दुसरीकडे जाता येणार नाही, अशी अट होती. सर्वोच्च न्यायालयानं ती मानली नाही. करार संपल्यानंतर लागू होणारी बंदी वाजवी आहे का, हे बघायचंच नाही, ती कलम 27 च्या अपवादात बसत नसेल तर रद्दबातल, असं न्यायालय म्हणालं. व्हीएफएस ग्लोबलच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं नोकरी सुटल्यावरची तीन महिन्यांची बंदी, तीही पूर्ण पगार देऊन घातलेली, प्रथमदर्शनी याच खात्यात टाकली.

म्हणून बहिणीची दोन वर्षांची बंदी न्यायालयात टिकणार नाही. तिला अडचणीत आणू शकतात त्या दुसऱ्याच गोष्टी. नोटीस पिरियड संपेपर्यंत ती कंपनीचीच आहे, त्या काळात नव्या कंपनीचं काम करायचं नाही. तिनं 18 महिन्यांचा ट्रेनिंग बाँडही दिलेला होता. बाँड मुदतीच्या आतला असतो, त्यामुळे तो कलम 27 नं आपोआप जात नाही. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेचा तीन वर्षं सेवा नाहीतर दोन लाख रुपये हा बाँड वैध ठरवला. पण आकडा लिहिलाय म्हणून सगळी रक्कम मिळतेच असं नाही. कलम 74 प्रमाणे लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा, त्याच्या आत वाजवी भरपाई. ट्रेनिंगवर खरोखर किती खर्च झाला, हे तिथे कळीचं ठरतं.

सगळ्यात जास्त मी तिला एका गोष्टीसाठी बजावलं. राजीनाम्याच्या आदल्या रात्री ड्रॉइंगच्या फाइली स्वतःच्या मेलवर पाठवायच्या नाहीत, ‘माझंच तर काम आहे’ म्हणूनही नाही. डोक्यातलं कसब तिचं आहे, ते कुणी काढून घेऊ शकत नाही. पण फिक्स्चरची ड्रॉइंग, किमतीचे तक्ते, ग्राहकांच्या याद्या कंपनीच्या. बंदीच्या अटीवर हरणारी कंपनी गोपनीयतेच्या अटीवर मनाई हुकूम मिळवते, आणि तेव्हा पुरावा हाच मेल असतो. लॅपटॉप परत करताना तारखेसह पोच घ्या, आणि नोटीस आलीच तर मुदतीत लेखी उत्तर द्या. गप्प बसलात तर नवी कंपनीच घाबरून ऑफर मागे घेते. पोकळ अटीचा खरा मार तिथे बसतो.

भावाचं गणित वेगळं. कलम 27 ला एकच अपवाद लिहिलेला आहे: धंद्याचं गुडविल, म्हणजे जमवलेलं नाव आणि गिऱ्हाईक, विकणारा माणूस ठरावीक क्षेत्रात तसाच धंदा न करण्याचं कबूल करू शकतो. विकत घेणारा किंवा त्याच्याकडून गुडविलचा हक्क मिळालेला माणूस तिथे तसा धंदा चालवत असेपर्यंतच ही बंदी चालते, आणि क्षेत्राची मर्यादा न्यायालयाला वाजवी वाटायला हवी. यामागचं कारण पटण्यासारखं आहे. गिऱ्हाईक विकल्याचे पैसे घ्यायचे आणि शेजारच्या गाळ्यात तेच गिऱ्हाईक परत बोलवायचं, हे खरेदीदारावर अन्यायाचं आहे. नोकरदारानं असं काहीच विकलेलं नसतं.

मी त्याचा मसुदा उघडला. एकूण 60 लाख: मशिनरी 41, कच्चा आणि तयार माल 7, गुडविल 12. गुडविलची ओळ स्वतंत्र होती, म्हणून अपवाद लागू होतो. ती नसती आणि फक्त मशिनं विकली असती, तर खरेदीदाराची बंदी डळमळली असती. पुणे जिल्ह्याची मर्यादाही टिकण्यासारखी, कारण त्याची बहुतेक गिऱ्हाइकं भोसरी, चाकण आणि रांजणगावची.

घोळ पुढच्या पानावर होता. खरेदीदार त्याला वर्क्स मॅनेजर म्हणून ठेवणार होता आणि त्या नियुक्तीपत्रात ‘नोकरी सोडल्यापासून दोन वर्षं, संपूर्ण भारतात’ अशी दुसरी बंदी घातलेली. ही बहिणीच्या जातीची, एकटी उभी राहत नाही. पण विक्रीच्या करारात ‘नियुक्तीपत्र हा या कराराचाच भाग’ असं वाक्य होतं. त्याच्या आधारानं खरेदीदार म्हणू शकला असता, की ही बंदीसुद्धा गुडविलच्या मोबदल्यातलीच. तो मुद्दा कदाचित पडला असता, पण तारखांवर तारखा सोसून.

मी त्याला दोन वाटा दाखवल्या. नोकरी नाकारून फक्त विक्री करायची, किंवा नोकरी घ्यायची पण दोन्ही कागद पूर्ण वेगळे करून घ्यायचे. त्यानं दुसरी निवडली. जोडणारं वाक्य काढलं, नियुक्तीपत्रातली बंदी काढली आणि विक्रीतल्या बंदीची दोन वर्षं विक्रीच्या तारखेपासून मोजायची, असं लिहून घेतलं. खरेदीदारानं त्याबदल्यात गुडविलचे 12 चे 10 लाख केले. भाऊ थोडा कुरकुरला, मग त्यानं सही केली.