हार्डी-वाइनबर्ग तपासायचं, तर पीटीसीची पट्टी की जेलचा फोटो?

प्रॅक्टिकलला अ‍ॅलील वारंवारता काढून हार्डी-वाइनबर्ग समतोल, म्हणजे यादृच्छिक प्रजननात जनुकप्रकार p², 2pq, q² या प्रमाणात असणं, तपासायचा असेल, तर सहसा दोन पर्याय समोर येतात. एक, पीटीसीची कागदी पट्टी जिभेवर ठेवून कडू लागतं की नाही ते विचारणं. दुसरा, गालाच्या आतल्या पेशींतून डीएनए घेऊन १६व्या गुणसूत्रावरचं PV92 हे ठिकाण पीसीआरनं वाढवणं आणि जेलचा फोटो काढून पट्टे मोजणं.

पीटीसी स्वस्त आणि झटपट आहे. समजा १०० जणांपैकी ३६ जणांना चव लागली नाही. त्यांना अप्रभावी समयुग्मजी धरलं, तर चव न लागणाऱ्या अ‍ॅलीलची वारंवारता q = √0.36 = 0.6. आता अपेक्षित संख्या काढा: चव न लागणारे ३६, लागणारे ६४. निरीक्षणातही तेच आकडे! काय-स्क्वेअर शून्य येतो आणि तो नेहमीच शून्य येणार, कारण q काढतानाच यादृच्छिक प्रजनन गृहीत धरलेलं असतं. गट दोन, त्यातून एकूण संख्येसाठी एक आणि q साठी एक वजा केला की स्वातंत्र्याचे अंश उरतात शून्य. म्हणजे इथे चाचणी होतच नाही.

PV92 मध्ये Alu हा सुमारे ३०० बेसजोड्यांचा तुकडा असतो किंवा नसतो. तो असेल तर पट्टा वर दिसतो, नसेल तर खाली आणि विषमयुग्मजीत दोन्ही दिसतात. तिन्ही जनुकप्रकार वेगळे ओळखू येत असल्यामुळे वारंवारता थेट मोजता येते.

उदाहरणादाखल, फोटोवरून ++ १०, +− ३०, −− ६० अशी मोजणी झाली. + म्हणजे Alu असलेल्या अ‍ॅलीलची वारंवारता p = (20 + 30)/200 = 0.25. अपेक्षित संख्या ६.२५, ३७.५, ५६.२५. काय-स्क्वेअर २.२५ + १.५ + ०.२५ = ४.०. गट तीन असले तरी p याच आकड्यांतून काढल्यामुळे स्वातंत्र्याचा अंश एकच, आणि ५ टक्के पातळीची मर्यादा ३.८४. समतोल नाकारला जातो. चुकून दोन अंश धरले, तर मर्यादा ५.९९ होते आणि निकालच उलटतो.

पण 'वर्गात यादृच्छिक प्रजनन नाही' असं लगेच लिहू नका. विषमयुग्मजी कमी पडलेत, आणि या पद्धतीचा कच्चा दुवा नेमका तिथेच आहे. पीसीआरमध्ये छोटा तुकडा जोरात वाढतो, लांब तुकडा मागे पडतो. वरचा पट्टा पुसट होतो आणि +− हा −− म्हणून मोजला जातो. मूळ फोटोचा कॉन्ट्रास्ट वाढवून सगळ्याच रांगा पुन्हा वाचा, शक्यतो निकाल ठाऊक नसलेल्या माणसाकडून. समजा चार रांगांत पुसट पट्टा सापडला: १०, ३४, ५६. आता p = 0.27 आणि काय-स्क्वेअर जेमतेम १.८९. शंका असलेल्या नमुन्यांचा पीसीआर मात्र पुन्हा करायलाच हवा.

काय-स्क्वेअर शिकायचा असेल, तर मी जेलच निवडेन. हाताशी फक्त पीटीसी असेल, तर वारंवारतेचा अंदाज द्या, खाली 'समतोल गृहीत धरून' असं लिहा आणि चाचणीचा रकाना मोकळा सोडा.