शब्दावर दर की पानावर? तीस पानी अहवालाचा हिशेब

एखादी स्वयंसेवी संस्था आपला इंग्रजी मूल्यमापन अहवाल पाठवते आणि विचारते, "तीस पानं आहेत, मराठी करून द्यायला किती घ्याल आणि कधी द्याल?" उत्तर देण्याचे चार मार्ग आहेत: मूळ मजकुराच्या शब्दांवर दर, अनुवादित मजकुराच्या शब्दांवर दर, पानावर दर, किंवा ठोक रक्कम. नव्याने कामं घेणाऱ्याने यातलं काय निवडावं, ते एकाच अहवालावर करून पाहू.

आधी पानं उघडून पाहायची. अशा अहवालात साधारणपणे एकोणीस पानं सलग मजकूर असतो, सहा पानं तक्ते आणि उरलेली पाच मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, फोटो यांची. मजकुराच्या पानावर सरासरी ४२० शब्द धरले तर ७,९८० होतात. तक्त्यांच्या पानावर १६० प्रमाणे ९६०, आणि उरलेल्या पाच पानांवर मिळून २६०. एकूण ९,२०० शब्द. वर्डमधल्या `Word Count` च्या चौकटीत तळटिपा आणि मजकूर-चौकटी मोजण्यासाठी वेगळी खूण करावी लागते. ती नसेल तर तळटिपा हिशेबातून सुटतात. चित्र म्हणून चिकटवलेल्या आलेखातले शब्द तर मोजलेच जात नाहीत, ते हाताने मोजून घ्यायचे.

आता दर. हिशेबापुरता शब्दाला दीड रुपया धरू. मूळ शब्दांवर ९,२०० गुणिले दीड म्हणजे १३,८०० रुपये. हा आकडा काम सुरू होण्यापूर्वीच दोघांनाही दिसतो आणि नंतर बदलत नाही.

अनुवादित शब्दांवर तोच दीड रुपया घेतला तर चित्र बदलतं. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला जोडून येतात, शिवाय इंग्रजीतली 'द', 'अ' ही उपपदं गळतात. 'इन द डिस्ट्रिक्ट' हे तीन शब्द 'जिल्ह्यात' या एका शब्दात मावतात. त्यामुळे मराठी मजकूर शब्दसंख्येने लहान होतो. ९,२०० चे ७,६०० झाले असं धरलं तर बिल ११,४०० चं होतं. तेच काम, तोच दर आणि २,४०० रुपये कमी. या पद्धतीत मूळ रकमेवर यायचं तर दर एक रुपया ब्याऐंशी पैसे सांगावा लागतो. मराठीतून इंग्रजीत जाताना मात्र हाच फरक उलटा, म्हणजे अनुवादकाच्या बाजूने पडतो. म्हणून कोणी नुसतं "शब्दाला अमुक" म्हणालं की कोणत्या भाषेतले शब्द हे आधी विचारायचं. अनुवादित शब्दांची मोजणी मला एकाच परिस्थितीत पटते: मूळ कागद स्कॅन केलेला किंवा हस्तलिखित असेल आणि मोजायला दुसरं काही नसेल तेव्हा.

पानाचा दर ग्राहकाला सोपा वाटतो, पण पान म्हणजे किती हे ठरलेलं नसतं. अनुवादक २५० शब्दांचं एक पान धरून ३७५ रुपये सांगतो. ग्राहक फाइलमधली तीस पानं मोजतो आणि ११,२५० वर शिक्कामोर्तब करतो. २५० च्या हिशेबाने हीच फाइल ३६.८ पानांची आहे, म्हणजे १३,८०० रुपयांची. जन्मदाखला, सातबारा, गुणपत्रिका अशा एक-दोन पानी कागदांना पानाचा दर योग्य आहे, कारण तिथे शब्द थोडे आणि मांडणीची खटपट जास्त. सलग मजकुराच्या अहवालाला तो लावू नये.

ठोक रक्कम वाईट नाही, पण ती शब्द मोजूनच काढलेली असावी. नाहीतर तीस पानांच्या जागी दोन परिशिष्टं जोडलेली चाळीस पानं हातात येतात आणि रक्कम तीच राहते.

वेळेचा अंदाज इथे मोलाचा ठरतो, कारण दर परवडतो की नाही हे तासांवरूनच कळतं. त्यासाठी अहवालाच्या मधलं, निष्कर्षांच्या प्रकरणातलं एक पान घड्याळ लावून अनुवादित करून पाहायचं. प्रस्तावना घेऊ नये. ती सोपी असते आणि अंदाज फसवते. समजा ४२० शब्दांना दीड तास लागला, म्हणजे तासाला २८० शब्द. ९,२०० शब्दांचा पहिला खर्डा ३३ तासांचा झाला.

खर्डा म्हणजे काम संपलं असं नाही. सुरुवातीला पदनामं, योजनांची नावं आणि वारंवार येणाऱ्या संज्ञा ठरवायला तीन तास लागतात. 'ब्लॉक डेव्हलपमेंट ऑफिसर' हे महाराष्ट्रात 'गटविकास अधिकारी' असतात. पान चारवर ते आणि पान बावीसवर 'खंड विकास अधिकारी' असं झालं तर वाचणाऱ्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याचा पूर्ण अहवालावरचा विश्वास उडतो. शासनाचा पदनाम कोश आणि शासन व्यवहार कोश उघडा ठेवून ही यादी करायची आणि संस्थेकडून मंजूर करून घ्यायची. पुढे तक्त्यांची मांडणी तीन तास, मूळ प्रतीशी ताडून पाहणं तासाला हजार शब्दांच्या गतीने नऊ तास, आणि शंका-समाधान व शेवटच्या दुरुस्त्या दोन तास. बेरीज पन्नास तास.

१३,८०० भागिले ५० म्हणजे तासाला २७६ रुपये. अनुवादित शब्दांच्या मोजणीत हेच २२८ वर येतं. हा आकडा समोर ठेवून निर्णय घ्यावा. तुम्हाला तासाला ३५० हवे असतील तर एकूण १७,५०० व्हायला हवेत, म्हणजे मूळ शब्दाला एक रुपया नव्वद पैसे. बाजारात इतर काय घेतात ते यानंतर पाहावं, कारण त्यांच्या अहवालात किती तक्ते होते हे तुम्हाला माहीत नसतं.

दिवसांचं गणित करताना दिवसाला आठ तास धरू नका. एकाग्रतेने सहा तासांचं काम झालं तरी उत्तम. पन्नास तासांचे त्यामुळे नऊ कामाचे दिवस होतात, आणि संज्ञांची यादी मंजूर होऊन यायला एक-दोन दिवस जातात ते धरून ग्राहकाला अकरा दिवस सांगावेत. ग्राहकाला पाच दिवसांत हवं असेल तर रोज दहा तास लागतील, आणि अशा घाईत पहिल्यांदा कापलं जातं ते ताडून पाहण्याचं काम. चुकलेले आकडे तर तिथेच सापडतात. दोन अनुवादकांत वाटून करायचं ठरलं तर यादी आधी मंजूर झालेली हवी आणि शेवटचं वाचन एकानेच करायला हवं, त्याचे तास वेगळे. एकट्याने घाईत करायचं तर २५ ते ५० टक्के जादा आकार मागण्यात गैर काही नाही.

माझा कौल मूळ शब्दांवरच्या दराला आहे, आणि तो ग्राहकाला ठोक रकमेच्या रूपात कळवावा: "संलग्न फाइलमधील ९,२०० इंग्रजी शब्द, युनिकोड मराठी वर्ड फाइल, एक फेरी दुरुस्ती, १३,८०० रुपये. अनुवाद सुरू झाल्यावर वाढणारा मजकूर शब्दाला दीड रुपये." संस्था पुढे छपाईसाठी मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये नेणार असेल तर त्या रूपांतरात रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हलते, काही जोडाक्षरं तुटतात. छपाईपूर्व पीडीएफ वाचणं हे त्यामुळे वेगळं काम आहे. त्याचा दर तासावर लावावा आणि तो याच पत्रात लिहून द्यावा.