बाल्कनीतला दाण्याचा फीडर आणि पाण्याचं भांडं: मार्च ते नोव्हेंबर वापरल्यावर

पक्ष्यांना दाणे घालायच्या साडेतीनशे रुपयांच्या फीडरच्या ताटलीला पाणी निघून जायला एक भोक पाडून द्यायला काय जातं, हे मला अजूनही कळलेलं नाही.

मार्चमध्ये ऑनलाइन मागवला होता. वर पारदर्शक डबा, खाली गोल ताटली, दाणे संपतील तसे वरून आपोआप उतरतात, तो नेहमीचा प्रकार. एप्रिल-मेमध्ये ताटलीची काहीच तक्रार नव्हती. जूनमध्ये पहिला आडवा पाऊस आला आणि आमची बाल्कनी पश्चिमेला असल्यामुळे ताटलीत पाणी साचलं. दोन-तीन दिवसांत आंबूस वास सुटला. फीडर उतरवून पाहिला तर डब्याच्या तोंडाशी बाजरीचा घट्ट लगदा बसलेला, आणि वरचे दाणे मात्र कोरडे खडखडीत. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला काही म्हणजे काही कळत नाही. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर उत्तर आलं की ही वस्तू आडोशाला वापरायची आहे आणि परत घ्यायची मुदत संपली आहे. पक्ष्यांचा फीडर पावसात टांगला जाणार, हे विकणाऱ्याला माहीत नसावं?

मी या भोकावर एवढी अडून बसले आहे त्याला कारण आहे. ओल्या धान्यावर जी बुरशी धरते तिच्यातलं विष पक्ष्यांच्या यकृताला घातक असतं. चिमणी एवढीशी, तिला ते किती पुरणार? शेवटी दाभण गॅसवर तापवून ताटलीला मीच भोकं पाडली. भोक दाण्याहून बारीक हवं, नाहीतर राळा खाली गळतो. त्याचा दाणा दोन मिलिमीटरच्या आसपासच असतो. भोकं पाडल्यापासून ताटलीत पाणी थांबत नाही, पण हवेतला दमटपणा भोकांनी जात नाही. म्हणून पावसाळाभर डबा भरायचा नाही, असं ठरवलं. रोज सकाळी मुक्ताची एक मूठ, बस. मुक्ता माझी मुलगी, सहा वर्षांची आहे, तिच्या मुठीत मावते तेवढी बाजरी दुपारपर्यंत संपते. उरलेले दाणे तळहातावर घेऊन दाबायचे: सुटे राहिले तर ठेवायचे, एकमेकांना चिकटले किंवा कुबट वास आला तर टाकून द्यायचे. ही तपासणी तिच्यासमोर मी करते. दाणे चांगले की वाईट ते तीच सांगते, आणि बरोबर सांगते.

आता फीडरसोबत येणाऱ्या ‘मिक्स’ पाकिटाबद्दल. त्यात ज्वारी, गहू, मक्याचा भरडा, बाजरी, राळा असं सगळं असतं. दिसायला भरगच्च, किंमत बाजरीच्या दुपटीहून जास्त. पक्षी त्यातलं आपल्याला हवं ते शोधतो आणि बाकीचं चोचीने दोन्ही बाजूंना उडवतो. आमच्याकडे रोज सांडणारे दाणे खालच्या मजल्यावर जायचे. खालच्या काकूंनी एकदा वर येऊन सांगितलं, “अगं, माझ्या वाळत घातलेल्या चादरीवर ज्वारी पडते, आणि ज्वारीमागून कबुतरं येतात.” त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. मिक्स बंद करून किराणा दुकानातली साधी बाजरी आणि थोडा राळा सुरू केला. निवडायलाच काही नाही म्हटल्यावर उडवणं निम्म्याहून कमी झालं. दुसरं धान्य घालायचंच असेल तर वेगळ्या वाटीत घाला, एकत्र नको.

तरी कबुतरं येत राहिलीच. मे महिन्यात तर फीडर कबुतरांचा आणि चिमण्या समोरच्या ग्रिलवर ताटकळत, अशी स्थिती होती. पुण्यात बाल्कनीत दाणे ठेवणाऱ्या प्रत्येकाची हीच रड असते. मुंबईत 2025 मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून केवढं रान पेटलं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासावाटे सतत जात राहिली तर काही जणांच्या फुप्फुसांना कायमची इजा होते, ही गोष्ट घरात लहान मूल असताना सोडून देता येत नाही. तेव्हा मी फीडर काढून टाकायच्या विचारात होते.

ते ठरण्याआधी एक खर्च करून पाहिला. बोहरी आळीतून दीड इंच चौकोनाची वेल्डेड जाळी आणली आणि फीडरभोवती पिंजरा बांधला. दीड इंचातून चिमणी आणि मुनिया सहज आत जातात, कबुतर आणि साळुंकी जात नाहीत. पण नुसती जाळी लावून भागत नाही. कबुतर बाहेर उभं राहून मान आत घालतं, त्यामुळे जाळी आणि ताटली यांच्यात चारही बाजूंना किमान चार इंच अंतर हवं. आमच्याकडे एका बाजूला ते तीन इंचच भरलं आणि नेमक्या त्याच बाजूने कबुतरं आठवडाभर दाणे ओढत होती. बाजू सरकवली, मग थांबलं. जाळीची कापलेली टोकं आत वळवून घ्या, नाहीतर पंख अडकतो. चिमण्या पिंजऱ्याला सुरुवातीला बिचकल्या, काही दिवस फिरकल्याच नाहीत, आणि मग एक नर आत शिरला, त्याच्यामागून बाकीच्या. फीडरबद्दलचं माझं मत इथे बदललं. आता मी म्हणेन की ताटलीला भोकं पाडायची आणि जाळी बांधायची तयारी असेल तर घ्या. जाळीचे दोनशे रुपये धरून खर्च साडेपाचशेवर जातो, हे आधीच मनाशी धरा.

आणखी एक गोष्ट बाहेरून कळत नाही, ती मुक्तामुळे कळली. डबा-ताटली भरलेली, तरी चिमण्या येऊन नुसत्या बसून जात होत्या. “आई, खायला आहे तरी खात का नाहीत?” ताटली काढून बघितली तर वर सगळी टरफलं. चिमणी दाणा चोचीत आडवा धरते, फिरवते, टरफल सोडते आणि आतलं खाते. सोडलेली टरफलं ताटलीतच साचतात आणि लांबून दाण्यांसारखीच दिसतात. तेव्हापासून रोज सकाळी ताटली केराच्या डब्यावर झटकून मगच मूठ घालायची. होल्याचं तसं नसतं, तो दाणा अख्खा गिळतो. त्यामुळे रेलिंगवर वेगळी वाटी ठेवली तर तिच्यात टरफल आहे की नाही, एवढ्यावरून मुक्ता आता सांगते की सकाळी कोण येऊन गेलं.

आता पाण्याचं भांडं. कसब्यातल्या कुंभारवाड्यातून ऐंशी रुपयांत घेतलेली पसरट, बिनचकाकीची मातीची परात. तिच्याकडून मला फार अपेक्षा नव्हत्या आणि आज दोन्हींत एकच ठेवा म्हटलं तर मी परातच ठेवीन. फीडरवर फक्त दाणे खाणारे येतात. पाण्यावर बुलबुल, दयाळ, साळुंकी, चष्मेवाला, होला असे सगळे येतात, आणि यांतल्या बहुतेकांना बाजरीशी काही देणंघेणं नाही. परात काठाशी एक इंच आणि मध्यभागी दोन इंचांहून खोल नसावी. आमची मध्ये थोडी जास्त खोल होती, तिथे एक खडबडीत दगड ठेवला. चष्मेवाला त्याच दगडावर उतरतो. जागा मधुमालतीच्या वेलाजवळची, दुपारच्या उन्हाबाहेरची. आधी उन्हात होती तेव्हा पाणी कोमट व्हायचं आणि आठवड्यात हिरवी शेवाळी धरायची. माती पाझरते म्हणून पाणी गार राहतं, मात्र एप्रिलमध्ये दिवसातून दोनदा भरावं लागतं.

डासांबद्दल नीट लिहिते, कारण सोसायटीत हाच आक्षेप निघतो आणि तो रास्त आहे. नुसतं पाणी बदलून उपयोग नाही. डेंग्यू पसरवणारा डास अंडी पाण्यात न घालता पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवतो. ती अंडी वाळूनही महिनोन् महिने टिकतात आणि पाणी मिळालं की फुटतात. पुढे अळीचा डास व्हायला साधारण आठवडा लागतो. म्हणून रोज पाणी ओतून टाकायचं आणि एक दिवसाआड काथ्याने आतला काठ खसखसून घासायचा, साबण न लावता. पावसाळ्यात महापालिकेची माणसं अळ्या तपासायला आली तेव्हा त्यांनी परात उलटी करून पाहिली आणि काही न बोलता पुढे गेली. आजूबाजूची विष्ठा कोरडी झाडू नका. पाणी शिंपडून, तोंडाला मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा. ते काम माझं. मुक्ताचं काम मूठ घालणं, तांब्याने पाणी ओतणं आणि मग साबणाने हात धुणं.

निरीक्षणाचं म्हणाल तर सकाळी शाळेची बस यायच्या आधीची पंधरा मिनिटं, बाल्कनीच्या दाराआडून. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात ती खुणा करते: चिमणीला टिंब, बुलबुलला तुरा, होल्याला गोल. मोजायचा नियम एकच आहे. एका वेळी जास्तीत जास्त जितक्या दिसल्या तितक्याच लिहायच्या. आल्या तशा मोजत गेलं तर एकच चिमणी दहा वेळा मोजली जाते. पहिल्या महिन्यात तिला हे पटत नव्हतं. मग काळ्या दाढीवाला एकच नर तीनदा उडून परत आलेला तिने स्वतः ओळखला आणि वाद संपला.

तिचं सगळ्यात चांगलं निरीक्षण पाणी पिण्याचं आहे. चिमणी आणि बुलबुल चोचीत पाणी घेतात, मान वर करतात, मग गिळतात. कबुतर चोच बुडवून सलग ओढून घेतं, मान वर करतच नाही. काही दिवसांनी ती म्हणाली, “आई, होला पण तसाच पितो. ते नातेवाईक आहेत का?” आहेत, एकाच कुळातले. हे मी सांगितलेलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये पिंजऱ्यात पिवळ्या ओठांची पिल्लं दिसली, पंख थरथरवत आईकडे मागणारी. त्या आठवड्यात मूठ वाढवावी असं मुक्ताचं म्हणणं होतं. मी वाढवली नाही, कारण चिमण्या लहान पिल्लांना मुख्यतः अळ्या-किडे भरवतात आणि ते मधुमालतीवर मिळत होते. त्याऐवजी वेलावर औषध मारायचं थांबवलं.

गावाला जाताना दाण्याची चिंता करू नका. जायच्या आधीच्या आठवड्यात मूठ अर्धी करत आणा, पक्षी इतरत्र शोधतात. परात मात्र भरून सोडून जाऊ नका. रोज पाणी बदलणारं कोणी नसेल तर ती रिकामी करून, घासून पालथी घाला. दिवाळीत आम्ही खालच्या काकूंकडे किल्ली दिली होती. मुक्ताने काथ्या कसा फिरवायचा ते त्यांना दोनदा करून दाखवलं. परत आलो तेव्हा त्यांनी कॅलेंडरवर चार दिवसांच्या खुणाही केल्या होत्या, आणि एका चौकोनात ‘काळा-पांढरा, शेपटी वर’ असं लिहिलं होतं. तो दयाळ.