नाइट मोड, आईचे कान आणि 590 रुपये: साउंडबारचे नऊ महिने

साउंडबार घेऊन नऊ महिने झाले. 3.1 चा आहे, म्हणजे डावा, उजवा, मधला स्पीकर आणि वेगळा सबवूफर. बाकी माहिती सगळीकडे मिळते, ती इथे देत नाही. लिहायला बसलो ते गेल्या महिन्यात सर्व्हिसवाल्यांशी झालेल्या वादामुळे.

आमचं घर बडोद्याला, दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात. शेजाऱ्यांशी भिंत सामाईक आणि खालच्या मजल्यावर तान्हं बाळ. आई 78 वर्षांची. तिला आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत. रात्री सिनेमा लावला की बोलणं ऐकायला आवाज 28 वर न्यायचा आणि गोळीबार सुरू झाला की धावपळ करून 14 वर आणायचा, असं चालायचं. बार घेतला तो एवढ्याच कारणासाठी.

पहिले दोन महिने नाइट मोड मला अजिबात पटला नव्हता. तो मोठे आवाज दाबतो आणि बारीक आवाज वर उचलतो. त्यामुळे स्फोट नरम झाले खरे, पण पडद्यावरचा पाऊस, पंखा, रातकिडे सगळे संवादाच्या बरोबरीने वाजायला लागले. स्फोटाच्या वेळी कोणी बोलत असेल तर तेही दबायचं, कारण हा मोड सगळा आवाज एकत्रच दाबतो, त्यातलं बोलणं वेगळं काढत नाही. धमाका झाला की पुढचे दोन-तीन शब्द विहिरीतून आल्यासारखे यायचे आणि मग आवाज हळूहळू वर चढायचा. आई दर वेळी विचारायची, "काय म्हणाला रे तो?"

मग लक्षात आलं की टीव्हीचा स्वतःचा Auto Volume पण चालू होता. एकच आवाज आधी टीव्ही दाबत होता आणि मग बार. टीव्हीचा बंद केला, तसं ते खाली-वर होणं बरंच थांबलं. तेव्हापासून नाइट मोडबद्दलचं माझं मत बदललं.

पण खरा फरक पडला तो सोबत बारचा Voice हा संवाद उठावदार करणारा मोड लावल्यावर. 5.1 च्या सिनेमात बहुतेक संवाद मधल्या चॅनेलवर असतात. Voice तो चॅनेल वर काढतो आणि त्यातही स, श, त, फ यांसारखी व्यंजनं जिथे ऐकू येतात तो वरचा भाग उचलतो. आईचं अडायचं ते नेमकं तिथेच. "साठ" म्हटलं की "आठ" ऐकू यायचं. आता नाइट मोड धमाका आवरतो, Voice शब्द पुढे आणतो आणि आवाज 17 वरच राहतो. दोन्ही एकत्र लावले तरच उपयोग आहे, एकट्याने कुठलाच पुरत नाही.

आठव्या महिन्यात अचानक सगळं बिघडलं. Voice लावा की काढा, जवळपास सारखंच. सर्व्हिसचा माणूस आला, मोबाइलवरून ब्लूटूथने एक गाणं लावलं आणि म्हणाला, "मधला स्पीकर गेलाय साहेब, ओल लागली आहे. वॉरंटीत बसणार नाही, 4,800 होतील." भेटीचे 590 घेऊन गेला.

मला ते पटेना. ब्लूटूथवरचं गाणं दोन चॅनेलचं, त्यात मधला चॅनेल वेगळा नसतोच; मग मधला स्पीकर तपासला कसा? रात्री नेहमीचा सिनेमा लावून बारचा डिस्प्ले बघितला. एरवी तिथे Dolby यायचं, म्हणजे सिनेमाचे सगळे चॅनेल वेगवेगळे येत असल्याची खूण; आता PCM होतं. आदल्या आठवड्यात टीव्हीचं सॉफ्टवेअर अपडेट झालं होतं आणि त्यात Digital Sound Output हे सेटिंग आवाज आहे तसा बारकडे पाठवणाऱ्या Pass Through वरून PCM वर गेलं होतं. आमची जोडणी एआरसीची आहे, म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलवरून बारकडे येतो, आणि एआरसीवरून PCM चे दोनच चॅनेल जातात. म्हणजे संवाद बारपर्यंत पोचायच्या आतच डाव्या-उजव्या आवाजात मिसळून जात होते आणि Voice ला नुसताच अंदाज बांधावा लागत होता.

सेटिंग परत Pass Through केलं, तोच प्रसंग पुन्हा लावला आणि गुडघ्यावर बसून बारच्या मधल्या जाळीला कान लावला. बोलणं तिथून स्वच्छ येत होतं आणि दोन्ही टोकांना जवळजवळ नुसतं संगीत. स्पीकर ठणठणीत होता. सर्व्हिस सेंटरला फोन करून हे सगळं सांगितलं, तर उत्तर मिळालं, "माणूस आला म्हणजे चार्ज लागणारच." चुकीचं निदान करून घेतलेले ते 590 रुपये मला आजही सलतात. तुमच्याकडे Voice चा परिणाम एकाएकी गेला, तर फोन करण्याआधी डिस्प्लेवर काय येतंय ते बघा.

मालिका आणि बातम्या आमच्याकडे दोन चॅनेलमध्येच येतात. तिथे Voice मुळे बोलण्याबरोबर मधोमध वाजणारं पार्श्वसंगीतही वर येतं, म्हणून तो सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवतो. दिवसा नाइट मोड बंद असतो, सिनेमा सपाट वाटतो म्हणून. रात्री सबवूफर −4 वर, कारण नाइट मोड लावूनही त्याची धडधड लाकडी तक्तपोशीतून खाली जाते. खालच्या वहिनींनी बाळ दचकल्याचं सांगितलं तेव्हा ते कळलं. −4 केल्यापासून त्यांची तक्रार नाही.