ऑर्डर अर्धीच आली : थांबावं, एका वस्तूचे पैसे मागावेत की बँकेत तक्रार करावी?

मागे एकदा मी कीबोर्ड, माउस आणि लॅपटॉपचा स्टँड एकाच ऑर्डरमध्ये मागवले होते. खोकं उघडलं तर कीबोर्ड होता, स्टँड होता, माउसचा पत्ता नाही. आत कोंबलेला चुरगाळलेला कागदही झटकून पाहिला. ॲपवर मात्र अख्ख्या ऑर्डरसमोर हिरवी खूण आणि Delivered.

अशा वेळी तीन वाटा असतात. उरलेली वस्तू मागून येईल म्हणून थांबायचं, विक्रेत्याकडे फक्त त्या वस्तूचे पैसे किंवा तीच वस्तू मागायची, नाहीतर पैसे ज्या मार्गाने दिले तिथे दाद मागायची. वस्तू नेमकी कुठे अडकली आहे ते आधी कळलं, तर यातली कोणती वाट धरायची ते फारसं अवघड राहत नाही. त्यामुळे तक्रारीचं बटण दाबण्याआधी दहा मिनिटं शोधाशोध करणं परवडतं.

थांबणं कधी शहाणपणाचं

एका ऑर्डरमधल्या वस्तू वेगवेगळ्या गोदामांत असतील तर विक्रेता त्यांची वेगवेगळी पार्सलं करतो आणि प्रत्येकाला स्वतंत्र ट्रॅकिंग नंबर देतो. म्हणून ऑर्डरच्या पानावर वरवरचा शेरा वाचून थांबू नका, प्रत्येक वस्तूसमोर कोणता नंबर आहे ते बघा. न आलेल्या वस्तूचा नंबर वेगळा असेल आणि तिची तारीख अजून उलटली नसेल, तर थांबा. या टप्प्यावर तक्रार केलीत तर ती बंद होतेच, आणि पुढे खरंच गरज पडली तेव्हा विक्रेत्याकडे तुमची एक फेटाळलेली तक्रार नोंदलेली असते.

कधी नंबर एकच असतो, पण खोकी दोन असतात. लेबलवर 1 of 2 असं बारीक छापलेलं असतं. पहिलं खोकं पोचलं की काही ॲप सगळीच ऑर्डर पोचली असं दाखवतात. हे लेबल सापडलं तर एक-दोन दिवस वाट पाहायला हरकत नाही.

तिसरा प्रकार गमतीचा आहे. खोक्यातल्या चिठ्ठीवर मागवलेले नग आणि पाठवलेले नग असे दोन रकाने असतील, आणि माउससमोर पहिल्यात 1 व दुसऱ्यात 0 असेल, तर माल शिल्लक नव्हता म्हणून ती वस्तू पाठवलेलीच नाही. अशा वेळी कार्डाचा हिशोब उघडून पाहा. बरेच विक्रेते माल निघाल्यावरच पैसे घेतात, तोवर ती रक्कम नुसती राखून ठेवलेली असते. पैसे घेतलेच नसतील तर परत कसले मागणार? तिथे परतावा मागण्याऐवजी ती एक ओळ रद्द करायची. राखलेली रक्कम मग आपोआप सुटते आणि परताव्याची वेगळी नोंद येतच नाही. ती न दिसल्यामुळे पैसे बुडाले असं समजून लोक बँकेला फोन करतात.

माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. नंबर एक, खोकं एक, आणि चिठ्ठीवर तिन्ही वस्तूंपुढे 1.

खोक्याचं वजन

मग मी खोकं, आतला कागद आणि दोन्ही वस्तू मिळून वजन केलं. 1.41 किलो भरलं. लेबलवर 1.4 छापलं होतं. डब्यासकट माउसचं वजन साधारण दीडशे ग्रॅम धरलं, तर तो आत असताना लेबलवर दीड किलोच्या पुढचा आकडा यायला हवा होता. चिकटपट्टीही एकसंध होती, वर दुसरी पट्टी मारल्याची खूण नव्हती. म्हणजे वाटेत कुणी काढलं नव्हतं, गोदामातच माउस भरायचा राहिला होता. लेबलवरचं वजन जास्त आणि हातातलं कमी असतं, तर संशय वाहतुकीवर गेला असता. तरीही पैशांचं उत्तर विक्रेत्यानेच द्यायचं, फक्त तो आधी कुरिअरकडे चौकशी लावतो म्हणून वेळ जास्त जातो.

वजनाचा पुरावा प्रत्येक वेळी चालत नाही. मोठ्या पण हलक्या खोक्यावर आकारमानाचं वजन छापतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून सहसा 5000 ने भागलेला आकडा असतो तो, त्याचा आतल्या मालाशी संबंध नाही. काही ठिकाणी खोकं न मोजताच वस्तूंच्या यादीवरून वजन छापलं जातं. म्हणून या आकड्याला जोड हवी: खोक्याच्या सगळ्या बाजूंचे फोटो, लेबल वाचता येईल असा एक फोटो, आणि आलेल्या वस्तू चिठ्ठीशेजारी मांडून एक. खोकं लगेच फेकू नका.

विक्रेत्याकडे मागताना

लोकांचे पैसे सगळ्यात जास्त अडकतात ते इथे, आणि कारण साधं असतं: चुकीचा पर्याय निवडलेला असतो.

‘ऑर्डर मिळाली नाही’ हे निवडलंत, तर विक्रेता पोचल्याची नोंद दाखवतो, कदाचित दारातला फोटोही दाखवतो, आणि प्रकरण तिथेच संपतं. त्याचंही चूक नाही, खोकं खरंच पोचलेलं असतं. ‘वस्तू परत करायची आहे’ हे निवडणं त्याहून वाईट. मग यंत्रणा परतीचं लेबल तयार करते आणि तुमच्याकडे कधी आलीच नाही ती वस्तू गोदामात परत येण्याची वाट पाहत बसते. मुदत संपली की विनंती बंद. हवा तो पर्याय म्हणजे पार्सल मिळालं पण त्यात ही वस्तू नव्हती. तो यादीत दिसत नसेल तर चॅटवर किंवा मेलवर लिहून कळवा, आणि पहिल्याच वाक्यात वस्तूचं नाव, नग आणि ट्रॅकिंग नंबर द्या. मी लिहिलेलं एवढंच होतं: ‘पार्सल मिळालं. त्यातल्या तीन वस्तूंपैकी माउस, 1 नग, खोक्यात नव्हता. बाकी दोन वस्तू मी ठेवत आहे. फक्त माउसचे पैसे मूळ कार्डावर परत करावेत.’ यातलं तिसरं वाक्य महत्त्वाचं, नाहीतर समोरचा माणूस अख्खी ऑर्डर परत मागवायला निघतो. या तक्रारीला बहुतेकांकडे काही दिवसांचीच मुदत असते, तेव्हा ती त्याच दिवशी केलेली बरी.

आता पैसे घ्यावेत की वस्तू पुन्हा पाठवायला सांगावी? एरवी मी पैसे घेईन, कारण जिथे माल भरताना एकदा चूक झाली तिथल्या दुसऱ्या पार्सलची वाट पाहायचा मला उत्साह नसतो. पण दोन ठिकाणी वस्तूच मागा. एक, मागवल्यापासून तिची किंमत चढली असेल तर. दुसरं, ती ‘दोनवर एक मोफत’ यातली मोफत वस्तू असेल तर, कारण बिलात तिच्यापुढे शून्य असतं आणि परतावाही शून्यच निघतो. आणि न आलेल्या वस्तूशिवाय बाकीचं कामाचंच नसेल, म्हणजे यंत्र आलं पण त्याचा खास अडॅप्टर नाही, तर एका वस्तूच्या परताव्यात अडकू नका. अख्खा संच परत करणं तिथे सरळ पडतं.

पैसे घ्यायचे ठरले की हिशोब आपण आधी करून ठेवायचा. माझ्या ऑर्डरीचे आकडे सोपे करून सांगतो, चलन कुठलंही धरा. कीबोर्ड 1000, माउस 600, स्टँड 400, एकूण 2000. ‘2000 किंवा जास्त खरेदीवर 10 टक्के सूट’ असं कूपन लावलं, म्हणून मी भरले 1800. ही सूट प्रत्येक वस्तूवर तिच्या प्रमाणात बसते, त्यामुळे माउससाठी माझ्या खिशातून गेलेले पैसे 540. पूर्ण 600 मागणं चुकीचं.

विक्रेत्याने देऊ केले 400. त्याचा हिशोब असा: माउस वजा केला तर खरेदी 1400, कूपनची अट मोडली, सूट गेली, मग तुम्ही 1400 देणं लागता, 1800 दिलेत, घ्या 400. ग्राहकाने आपणहून एखादी वस्तू रद्द केली तर असा नियम लावतात आणि तो समजण्यासारखा आहे. पण इथे अट मी मोडली नव्हती, वस्तू त्यांनी भरली नव्हती. हे एका ओळीत लिहिलं, शेजारी 1000-600-400 चा हिशोब मांडला, आणि दुसऱ्या दिवशी 540 मान्य झाले. पाठवणीचा खर्च संपूर्ण ऑर्डरवर एकच लावला असेल तर तो सहसा परत मिळत नाही, वस्तूगणिक लावला असेल तर त्या वस्तूचा वाटा मागा. स्टोअर क्रेडिट देऊ केलं तर नम्रपणे नको म्हणा, पैसे ज्या मार्गाने गेले त्याच मार्गाने येऊ द्या.

बँक किंवा पेमेंट सेवा

ही वाट शेवटची. विक्रेता उत्तरच देत नसेल किंवा लेखी नकार देत असेल तरच. त्याच्याशी आधी बोलल्याचा पुरावा इथे मागतातच. शिवाय विक्रेत्याचा परतावा सुरू असताना बँकेत वाद टाकला तर दोन्ही प्रकरणं एकमेकांसाठी अडून राहतात, आणि काही विक्रेते पुढे खातंही बंद करतात.

गंमत अशी की एकाच घटनेला दोन ठिकाणी दोन नावं आहेत. व्हिसा कार्डावर हा वाद ‘माल मिळाला नाही’ या 13.1 क्रमांकाच्या कारणाखाली येतो, पण रक्कम फक्त न मिळालेल्या भागाची लावायची, म्हणजे 1800 नव्हे, 540. पूर्ण रकमेचा वाद टाकलात तर पोचल्याची नोंद तुमच्या विरोधात जाते. पेपॅलवर मात्र ‘वस्तू मिळाली नाही’ हे निवडलं तर त्याच नोंदीमुळे हरण्याची भीती असते. तीन मागवून दोनच आल्या, ही गोष्ट तिथे ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ या प्रकारात मोडते.

मुदतीही वेगळ्या. पेपॅलवर पैसे दिल्यापासून 180 दिवसांत वाद उघडावा लागतो, आणि उघडल्यावर 20 दिवसांत तो क्लेममध्ये वाढवला नाही, म्हणजे निर्णय पेपॅलवर सोपवला नाही, तर आपोआप बंद होतो. व्हिसामध्ये साधारण 120 दिवस असतात. तुमची बँक त्याआधीची तारीख सांगत असेल तर तीच पाळा. ‘दोन दिवसांत करतो’ असं म्हणत महिने काढणाऱ्या विक्रेत्यापुढे या तारखा डोळ्यासमोर ठेवा.

माझं प्रकरण इथवर आलं नाही. पण ‘परतावा केला’ असा मेल आल्यावर आठवडा गेला तरी हिशोबात 540 दिसेनात, तेव्हा मी विक्रेत्याकडे परताव्याचा संदर्भ क्रमांक मागितला. एआरएन म्हणतात त्याला, 23 अंकी असतो. तो बँकेला दिला आणि रक्कम तिसऱ्या दिवशी जमा झाली, वेगळ्या ओळीत. 1800 ची जुनी नोंद मात्र होती तशीच आहे, ती कमी होऊन 1260 होत नाही.